मदत हवी आहे : आबाजींचा तो फोटो थांबवा

मंडळी, नाचणारीच्या अंगावर आबाजींचं तोंड चिकटवलेला फोटो आता पुढे पाठवू नका. पहिल्या दिवशी मीही हासलो, खोटं काहून बोलू. पण काल पानठेल्यावर कोण्या पोट्ट्यानं तो त्यांनाच दाखवला. तेव्हापासून आबाजी पारावर गेले नाहीत. जेवतानाही गप्पच.

ज्यानं टाकला त्यानं फोटोवर बोट दाबून ठेवून ‘सर्वांसाठी डिलीट करा’ करावं. हे दोन-अडीच दिवसच चालते, म्हणून आजच करा. आपल्या ग्रुपमधला फोटो ॲडमिन म्हणून मी काढतोच, पण दुसऱ्या ग्रुपात गेलेला माझ्या हातात नाही. गॅलरीत उतरलेला तर तसाच राहू शकते, तो ज्यानं त्यानं पुसावा. स्टेटसवर ठेवला असंन तर तोही.

आता खरी मदत : कोणी कोणत्या ग्रुपात पाठवला? ‘फॉरवर्डेड’ एवढंच दिसते, मूळ कोणाचा ते कळत नाही. रागावणार नाही, मला वेगळा मेसेज करा. भाचेमंडळी, मामीच्या माहेरच्या ग्रुपात कोण आहे? तिथल्या ॲडमिनले सांगा. आणि आबाजींसमोर विषय काढू नका, माफीसाठीही नाही.