मदत हवी आहे : आयव्हीएफसाठी अंडी काढल्यानंतर ओएचएसएसची, म्हणजे अंडाशय अतिउत्तेजित होण्याच्या त्रासाची, कोणती लक्षणे दिसताच निघावे?

पत्नीला पीसीओएस आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका केंद्रात इंजेक्शनांच्या नवव्या दिवशी सोनोग्राफीत २६ फॉलिकल दिसल्याने डॉक्टरांनी मात्रा कमी केली असून, एचसीजीमुळे आणि पुढे गर्भ राहिल्यास ओएचएसएस बळावतो म्हणून अंडी पक्व करणाऱ्या ट्रिगर इंजेक्शनसाठी एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड देऊन सर्व भ्रूण गोठवायचे ठरवले आहे. यामुळे धोका बराच घटतो, पण पूर्ण टळत नाही, असेही त्यांनी सांगितले.

आम्ही अंबाजोगाईला राहतो आणि केंद्र काही तासांच्या अंतरावर आहे. रोज सकाळी वजन व पोटाचा घेर मोजून लिहितो. धाप लागणे, लघवी फार कमी होणे किंवा सतत उलट्या होणे ही तातडीची लक्षणे आहेत, हे माहीत आहे. मात्र नुसते पोट फुगून दिवसात किलोभर वजन वाढले, तर आधी इथेच सोनोग्राफी व रक्ताची हिमॅटोक्रिट तपासणी करून घ्यावी की थेट केंद्राकडे निघावे, आणि अंडी काढल्यापासून किती दिवस ही नोंद ठेवावी?