तीन तासांचा सिनेमा आज बुधवारी रात्री सुरू करू की शनिवारपर्यंत थांबू? लवकर सांगा

रातराणी (बुधवार, संध्याकाळी ६:४०)
मंडळी, पटकन मत हवं आहे. एक तीन तासांचा युद्धपट बघायचाय, बरेच दिवस राहिलाय. साडेनऊला मोकळी होते. आज सुरू करावा की सरळ शनिवारी निवांत बघावा? नवरा म्हणतो आज लाव, मैत्रीण म्हणते वेडी आहेस का. साडेआठपर्यंत ठरवायचंय.

गणू_मास्तर
कुठला सिनेमा? सकाळी उठायचं किती वाजता? हे न सांगता काय सांगणार, ताई?

पावसाळी_पक्षी
आजच बघा. शनिवार कधी उगवत नाही. माझ्या यादीत शनिवारसाठी राखून ठेवलेले अकरा सिनेमे आहेत, एकही बघून झालेला नाही.

रातराणी
कुरोसावाचा 'सेव्हन समुराय'. उठते सहाला.

मध्यंतर
मग तो तीन तासांचा नाही. पूर्ण आवृत्ती २०७ मिनिटांची आहे, म्हणजे तीन तास सत्तावीस. साडेनऊला लावलात तर एक वाजायला तीन मिनिटं असताना संपेल, तेही मध्ये कुणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही तर. त्या सिनेमानंतर लगेच झोप लागत नाही, हे माझ्यावरून सांगतो. सहाला उठणाऱ्या माणसाने एका बैठकीत तो आज बघू नये.

सूर्यास्त
तीन तास सत्तावीस? मी पाहिला तो अडीच तासांच्या जरा वर होता. आरामात बसतो की.

मध्यंतर
तुम्ही कापलेली आवृत्ती पाहिलीत. जपानबाहेर दाखवताना त्याची बरीच काटछाट झाली होती आणि त्या प्रती पुष्कळ वर्षं फिरत होत्या. रातराणी, तुमच्याकडे कुठली आहे ते आधी बघा. नावाखाली कालावधी लिहिलेला असतो. ३:२७च्या आसपास असेल तर पूर्ण आहे. तासाभराने कमी दिसला तर थांबा, दुसरी प्रत मिळवा.

सूर्यास्त
पण गोष्ट तर मला पूर्ण कळली होती. कापल्याने असं काय बिघडतं?

मध्यंतर
गोष्ट कळते, गाव कळत नाही. गाव वाचवायला बोलावलेले सातही योद्धे जमेपर्यंतच तासभर जातो. कुठलं घर पुलापलीकडे आहे, शेतात पाणी कुठून सोडायचं, हे सगळं सावकाश दाखवलंय म्हणून शेवटच्या लढाईत कोण कुठून पळतंय ते आपल्याला न सांगता समजतं.

वेगवान
१.२५ वेगाने लावा. पावणेतीन तासांत खल्लास. मी सगळं तसंच बघतो.

गणू_मास्तर
जपानी सिनेमा आहे हो, खाली सबटायटल वाचायची. सव्वापट वेगाने वाचत बसाल की माणसांचे चेहरे बघाल? आणि त्यात माणसं गप्प उभी आहेत, वारा वाहतोय, अशी कितीतरी दृश्यं आहेत. तीच पळवली तर उरलं काय?

वेगवान
मला जमतं. ज्याचा त्याचा अनुभव.

सई_आई
मुलांना तीन तास बसवायचं असेल तर मी सांगते. आधी अर्धा तास दाखवायचं, मग मध्ये खेळायला सोडायचं. आमचा सहा वर्षांचा अशाने पूर्ण सिनेमा बघतो.

रातराणी
सईताई, मुलं नाहीत बघायला. बाबांसोबत बघायचाय. ते रविवारपर्यंत आमच्याकडे आहेत. त्यांनी तरुणपणी एकदा पाहिला होता, तेव्हापासून त्यांना तो परत बघायचाय. कालावधी पाहिला, ३:२७ आहे. बरोबर निघालं.

गणू_मास्तर
बाबांसोबत! हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. बाबा झोपतात किती वाजता?

रातराणी
साडेदहा. फार तर अकरा.

पावसाळी_पक्षी
मग शनिवारच. माझा आधीचा सल्ला मागे घेतो.

रातराणी
शनिवारचा एक घोळ आहे. सिनेमा भाड्याने घेतलाय, त्याची तीस दिवसांची मुदत शुक्रवारी मध्यरात्री संपतेय. म्हणून तर घाई.

मध्यंतर
अहो, हा तर मुख्य मुद्दा! भाड्याच्या सिनेमाला दोन मुदती असतात. एक सुरू करण्याची, ती तुमची तीस दिवसांची. दुसरी सुरू केल्यावर संपवण्याची, ती बऱ्याच ठिकाणी ४८ तास असते. पडद्यावर काय लिहिलंय ते बघून इथे टाका.

वेगवान
४८ तास म्हणजे बघण्याचे तास. थांबवलं की घड्याळ थांबतं. मनसोक्त बघा.

मध्यंतर
नाही, वेगवानजी. प्ले दाबलं की भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. तुम्ही थांबवा, टीव्ही बंद करा, झोपा, ते चालूच राहतं. माझा एक सिनेमा असाच गेला. मंगळवारी रात्री सहज दहा मिनिटं बघितला, शुक्रवारी उरलेला बघायला बसलो तर परत भाडं मागत होतं.

रातराणी
पाहिलं. 'पाहण्यास सुरुवात केल्यानंतर ४८ तासांत पूर्ण करा' असं आहे.

निळावंती
मग सोपं आहे. शुक्रवारी रात्री अकराला प्ले दाबा, एक मिनिट चालवा, बंद करा. रविवारी रात्री अकरापर्यंत तुमचा. शनिवारी दुपारी बाबांसोबत एका बैठकीत बघा.

मध्यंतर
हा उपाय बहुतेक ठिकाणी चालतो. पण तीस दिवस संपले तर चालू असलेलाही बंद होतो का, हे प्रत्येकाच्या अटींत वेगळं असू शकतं. शेवटच्या तासावर मी विसंबणार नाही. शिवाय शनिवारी दुपारी खोलीत ऊन येतं का?

रातराणी
पश्चिमेची खिडकी आहे, टीव्हीच्या समोरच. पडदे पातळ आहेत. का?

मध्यंतर
सिनेमा कृष्णधवल आहे. शेवटची लढाई मुसळधार पावसात, चिखलात होते. करड्यावर करडं. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडलं तर घोडा कुठला आणि चिखल कुठला ते कळत नाही. हा सिनेमा दिवस मावळल्यावरच बघावा.

सूर्यास्त
म्हणजे कामाच्या दिवशी नको, शनिवारी दुपारी नको, मग बघायचा कधी? तुम्ही लोक सिनेमाचं लग्नच लावताय.

मध्यंतर
उद्या आणि परवा, दोन रात्रींत. या सिनेमात दिग्दर्शकाने स्वतःच मध्यंतर ठेवलंय, पावणेदोन तासांच्या सुमारास. पाटी येते, काही मिनिटं नुसतं संगीत वाजतं. अगदी योग्य जागी आहे. तयारी बरीच झालेली असते, पुलापलीकडच्या घरांचे गावकरी फुटू बघतात, त्यांना परत रांगेत आणलं जातं, आणि तिथे थांबतो. पुढचा भाग कापणीपासून सुरू होतो. उद्या सव्वाआठला लावला तर दहाला पाटी येईल, बाबांच्या झोपेआधी. परवा उरलेला. गुरुवारी सव्वाआठपासून ४८ तास म्हणजे शनिवारी सव्वाआठ, परवा काही अडलं तरी हाताशी वेळ राहतो.

सूर्यास्त
मध्यंतर हा आपल्याकडचा प्रकार. परदेशी सिनेमात मध्यंतर असतं हे पहिल्यांदाच ऐकतोय.

गणू_मास्तर
असायचं. 'बेन-हर', 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'गांधी', सगळ्यांत आहे. लॉरेन्समध्ये तर सुरुवातीला चार मिनिटं काळा पडदा आणि नुसतं संगीत असतं. आम्ही तारा काढून परत जोडल्या होत्या, टीव्ही बिघडला असं वाटून.

मध्यंतर
मास्तर, लॉरेन्सचं मध्यंतर बरोबर अर्ध्यावर नाही हेही सांगा. पहिला भाग सव्वादोन तासांहून मोठा, दुसरा त्यापेक्षा बराच लहान. म्हणून एकूण मिनिटांना दोनने भागून चालत नाही. तो असता तर मी कामाच्या दिवशी सुरूच करू नका म्हटलं असतं.

निळावंती
आणि ज्यात मध्यंतरच नाही त्याचं काय? 'ओपनहायमर' बरोबर तीन तासांचा, कुठेच थांबा नाही. मी मध्ये थांबवला आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठल्या चौकशीला बसलाय तेच आठवेना.

मध्यंतर
तो एका रात्रीचाच. काळ मागेपुढे उड्या मारतो त्या सिनेमात कुठेही कापलं तरी धागा सुटतो. सरळ पुढे जाणाऱ्या गोष्टीला मध्ये रात्र गेलेली सोसते.

पावसाळी_पक्षी
हे मला पटत नाही. दोन दिवसांत बघितलेला सिनेमा म्हणजे मालिका. थिएटरात कोणी उद्या या म्हणतं का?

मध्यंतर
एका बैठकीतला परिणाम वेगळा असतो, मान्य. पण अर्धवट झोपेत शेवटची चाळीस मिनिटं बघण्यापेक्षा दोन ताज्या रात्री बऱ्या. एकच काळजी घ्या, मध्ये एकाच रात्रीचं अंतर ठेवा. सात चेहरे आणि त्यांच्या सवयी तीन दिवसांनी पुसट होतात.

सई_आई
बाबांना सबटायटल वाचता येतील ना? माझ्या सासऱ्यांना अक्षरं बारीक होती म्हणून ते मध्येच उठून गेले, मला वाटलं कंटाळले.

रातराणी
सईताई, हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली आणि मागे काळी पट्टी लावली. बाबांना दुसऱ्याच सिनेमाची दोन मिनिटं दाखवली, म्हणाले आता खुर्चीवरून दिसतंय, आधी कोच पुढे ओढायला लागायचा. आज काही लावत नाही. उद्या सव्वाआठ. नवऱ्याला स्वयंपाक लवकर आटपायला सांगितलंय.

रातराणी (शुक्रवार, सकाळी ७:१०)
काल ८:२०ला सुरू झाला. दहा वाजून सहा मिनिटांनी पाटी आली, मध्यंतर यांनी सांगितल्याप्रमाणे. मी रिमोट उचलला तर बाबा म्हणाले, "थांब, संगीत संपू दे." ते ऐकलं. मग म्हणाले, "थोडा पुढे चालव, कापणी बघू." मला नाही म्हणवेना. वीस-पंचवीस मिनिटं चालला असेल. वळून पाहिलं तर बाबा झोपले होते, चष्मा नाकाच्या टोकावर. कधी डोळा लागला माहीत नाही, त्यांनाही आठवत नाही. सकाळी विचारत होते, तो कमी बोलणारा तलवारबाज शेवटपर्यंत आहे ना. मी काही सांगितलं नाही. आता आज कुठून लावू? थांबवला तिथून की मागून?

मध्यंतर
पाटीपासून. कापणी परत बघायला लागली तरी चालेल, त्यात हसरी माणसं आहेत, बाबांना आवडतील. आणि आज आठच्या आधी बसा, म्हणजे बाबांच्या झोपेआधी संपेल. पुढच्या भागात रात्रीची दृश्यं बरीच आहेत. दिवा मालवा.

निळावंती
मी म्हणते बाबांनाच विचारा शेवटचं काय आठवतंय. तिथून दहा मिनिटं मागे जा. परत वीस मिनिटं बघायला लावलंत तर साडेदहाला परत डोळा लागेल.

रातराणी
विचारलं. त्यांना दाणे झोडपायचा आवाज आठवतोय. तो नक्की कुठे आहे ते शोधते आता.