शब्दचर्चा: ‘नॅश समतोल’ या प्रयोगात तोल नेमका कशाचा?

प्रथमवर्ष

मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या स्वाध्यायात पुढील तक्ता देऊन नॅश समतोल शोधायला सांगितला होता. एकाच मार्गावर बस चालवणाऱ्या अ आणि ब या दोन कंपन्या एकमेकींना न विचारता, एकाच वेळी, भाडे उतरवायचे की तेच ठेवायचे हे ठरवतात. प्रत्येक चौकटीतला पहिला आकडा अ चा नफा आहे आणि दुसरा ब चा, दोन्ही लाख रुपयांत.

| | ब: उतरवणे | ब: तेच ठेवणे |
|---|---|---|
| अ: उतरवणे | ३, २ | ६, १ |
| अ: तेच ठेवणे | १, ६ | ५, ५ |

मी ‘५, ५’ असे उत्तर लिहिले, कारण तिथे दोन्ही पारडी सारखी आहेत आणि बेरीजही सर्वांत मोठी आहे. मला शून्य गुण मिळाले. समतोल म्हणजे तराजूची दांडी सरळ होणे, हाच अर्थ मला ठाऊक आहे. मग इथे हा शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे?

शब्दवेल्हाळ

आपण ‘सम’वर जोर दिला, तो ‘तोल’वर द्यायला हवा होता. मराठीत तोल जातो, तोल सांभाळला जातो, तोल ढळतो, आणि यांतल्या कोणत्याही प्रयोगात दोन गोष्टी सारख्या असण्याचा संबंध नाही. डोंबारी दोरीवर उभा असतो तेव्हा त्याचा तोल असतो म्हणजे तो आहे तिथून ढळत नाही. तेव्हा जी चौकट सोडली की सोडणाऱ्याचा तोटा होतो ती नॅश समतोलाची चौकट, असे समजावे. ती शोधायचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक कंपनीचा जो पर्याय दुसऱ्यापेक्षा कमी प्रतीचा दिसेल तो खोडून टाकावा आणि जी चौकट उरेल ती लिहावी. या तक्त्यात ‘तेच ठेवणे’ दोघांचेही खोडले जाते आणि ‘३, २’ उरते.

पेन्सिलवाल्या बाई

मी बरीच वर्षे हाच भाग शिकवला आहे आणि ‘५, ५’ हे उत्तर दरवर्षी तपासले आहे, त्यामुळे प्रथमवर्ष यांनी मनाला लावून घेऊ नये. शब्दवेल्हाळ यांचा ढळण्याचा अर्थ मला पटतो, पण त्यांची दोन वाक्ये दुरुस्त करावी लागतील.

आधी रीत पाहू. तक्त्याचा उजवा स्तंभ तळहाताने झाकावा, म्हणजे ब ने भाडे उतरवले आहे असे धरल्यासारखे होते. आता उरलेल्या स्तंभात अ चे, म्हणजे पहिले, आकडे तेवढे वरून खाली पाहावेत: ३ आणि १. तीनखाली पेन्सिलने रेघ ओढावी. मग डावा स्तंभ झाकावा. ६ आणि ५ पैकी सहाखाली रेघ. त्यानंतर हात आडवा धरावा. खालची ओळ झाकली की ब चे, म्हणजे दुसरे, आकडे २ आणि १ दिसतात, दोनखाली रेघ. वरची ओळ झाकली की ६ आणि ५, सहाखाली रेघ. ज्या चौकटीत दोन्ही आकड्यांखाली रेघ आली ती एकच आहे, डावीकडची वरची. ‘५, ५’ मध्ये एकही रेघ नाही, कारण तिथे उभ्या असलेल्या अ ला एकट्याने भाडे उतरवून पाचाचे सहा करता येतात, आणि ब लाही तसेच करता येते. चूक बहुधा अशी होते की विद्यार्थी एकाच चौकटीतले दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहतात. अ चा आकडा ब च्या आकड्याशी कधीच ताडायचा नसतो. तो अ च्याच दुसऱ्या आकड्याशी ताडायचा असतो.

आता पहिली दुरुस्ती. ‘समतोल ३, २ आहे’ असे लिहू नये. समतोल कृतींचा असतो, म्हणून ‘अ उतरवते, ब उतरवते’ असे उत्तर लिहावे. ३ आणि २ हे त्या कृतींचे फळ. नॅश यांच्या १९५० सालच्या दोनच पानी टिपणात ‘समतोल बिंदू’ असा प्रयोग आहे, आणि तो बिंदू म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या एकेका डावपेचाचा मिळून झालेला संच आहे.

दुसरी दुरुस्ती अधिक नाजूक आहे. वरच्या ओळीत उजवीकडे ‘६, १’ आहे, तिथे ‘६, २’ आहे असे धरा आणि पुन्हा रेघा ओढून पाहा.

प्रथमवर्ष

पाहिले. अ ने भाडे उतरवले असताना ब ला दोन्हीकडे दोनच मिळतात. मी कोणत्या दोनाखाली रेघ ओढू?

पेन्सिलवाल्या बाई

दोन्हींखाली. बरोबरी झाली की दोन्ही उत्तरे सर्वोत्तम ठरतात. आता ‘६, २’ या चौकटीतही दोन रेघा आल्या, म्हणजे एका तक्त्यात दोन समतोल झाले. या नव्या समतोलात ब ने पर्याय बदलला तर तिचा तोटा होत नाही; तिला फायदा मात्र होत नाही. म्हणून ‘ढळल्यास तोटा होतो’ ही व्याख्या जास्त कडक आहे, आणि ‘एकट्याने ढळून फायदा होत नाही’ एवढेच म्हणणे योग्य. खोडण्याच्या रीतीचाही इथेच घात होतो. ब साठी ‘तेच ठेवणे’ एका ओळीत कमी फळ देते आणि दुसऱ्या ओळीत बरोबरीचे, म्हणून कोणी ते खोडले तर खरा असलेला दुसरा समतोल त्याबरोबर पुसला जातो. प्रत्येक ओळीत निश्चित कमी असेल तेव्हाच निर्धास्तपणे खोडावे.

शब्दवेल्हाळ

मान्य आहे. ‘तोटा होतो’ आणि ‘फायदा होत नाही’ यांतले अंतर मी गृहीत धरले नव्हते.

किराणावाला

आमच्या गल्लीत तेलाच्या डब्याचे भाव माझे आणि समोरच्या दुकानाचे गेली कित्येक वर्षे सारखेच आहेत. आम्ही कधी बोलून ठरवले नाही, तरीही कोणी उतरवत नाही. म्हणजे आम्ही ‘५, ५’ वरच बसलो आहोत आणि आमचा तोल काही जात नाही. तेव्हा त्या मुलाचे उत्तर चूक कसे?

पेन्सिलवाल्या बाई

आपला अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या खेळाचा आहे. आपण आज भाव उतरवलात तर समोरचे उद्या उतरवतील, हे आपल्याला ठाऊक असते, आणि त्या उद्याच्या नुकसानीचा हिशेब आपण आजच करता. स्वाध्यायातला खेळ एकदाच होतो, त्याला उद्या नाही. रोज होणाऱ्या आणि शेवट ठाऊक नसलेल्या खेळात भाव टिकवणे हाही समतोल होऊ शकतो, मात्र पुढच्या दिवसांचे मोल दोघांनाही पुरेसे वाटले पाहिजे.

किराणावाला

मग प्रश्नात ‘एकदाच’ हा शब्द असायला हवा होता.

पेन्सिलवाल्या बाई

ती तक्रार रास्त आहे. ‘एकाच वेळी’ असे म्हटल्याने ‘एकदाच’ हा अर्थ आपोआप येत नाही.

शब्दवेल्हाळ

एक शंका उरते. चौकटीतल्या आकड्याला आपण वर ‘फळ’ म्हणालात. वर्गात ‘पेऑफ’ म्हणतात, काही जण ‘मोबदला’ म्हणतात. पण आकडा उणे असेल तर ‘उणे तीन मोबदला’ कानाला खटकते, कारण मोबदला केलेल्या कामाबद्दल मिळतो. ‘लाभ’ही तसाच अडतो. फळ मात्र कडूही असते.

पेन्सिलवाल्या बाई

मी त्याच कारणाने ‘फळ’ वापरते, पण ‘फळांचा तक्ता’ म्हटल्यावर पहिल्या बाकावर हसू फुटते, हेही खरे. ‘समतोल’ की ‘संतुलन’ यावरही आमच्या विभागात कधी एकमत झाले नाही. ‘संतुलन’मध्ये ‘सम’ नाही, म्हणून सारखेपणाचा भास कमी होईल असे काहींचे म्हणणे होते; मला तो फरक उत्तरपत्रिकांत दिसला नाही.

प्रथमवर्ष

मी दुसरा प्रश्न त्याच रीतीने करून पाहिला. त्यात एक नाण्यांचा खेळ आहे: दोघे एकेक नाणे दाखवतात, दोन्ही नाण्यांची बाजू सारखी आली तर पहिला जिंकतो, वेगळी आली तर दुसरा. चारही चौकटींत एकेकच रेघ येते. माझे काही चुकले का?

पेन्सिलवाल्या बाई

चुकले नाही. त्या तक्त्यात ठाम पर्यायांचा समतोल नाहीच. तिथे प्रत्येकाने छापा आणि काटा निम्म्या निम्म्या शक्यतेने दाखवणे हा समतोल आहे, आणि तो रेघांनी सापडत नाही. समोरच्याला दोन्ही पर्याय सारखेच वाटावेत अशी शक्यता मांडून काढावा लागतो. आपल्या स्वाध्यायात ‘शुद्ध डावपेच’, म्हणजे ठाम पर्याय, असे शब्द असतील तर ‘समतोल नाही’ एवढेच लिहावे.

शब्दवेल्हाळ

म्हणजे ‘सारखे’ हा शब्द अखेर आलाच, पण एकाच खेळाडूच्या दोन पर्यायांमध्ये.