मदत हवी आहे: घास छोटे, तरी संध्याकाळी पोट टम्म

मी भुसावळची, वय 41. सकाळी पोट सपाट असतं, संध्याकाळी सहाला परकराची नाडी दोन बोटं सैल करावी लागते. जेवण म्हणाल तर चिमणीचं! आठला उडीद-ज्वारीच्या कळण्याची अर्धी भाकरी नि कच्चा कांदा, दहाला केळं, बाराला वाटीभर वरण-भात, चारला मूठभर फुटाणे.

वजन उतरलेलं नाही, शौचातून रक्त नाही, सोनोग्राफीही ठीक. डॉक्टर म्हणाले, घास लहान असले तरी उडीद, कांदा, तूर, हरभरा यांतली काही साखर लहान आतड्यात पचतच नाही. ती चार-सहा तासांनी मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू तिला आंबवतात आणि वायू होतो. म्हणजे सकाळच्या भाकरीचा वायू दुपारी सुरू होतो, तो निघायच्या आत बाराच्या वरणाची भर. शिवाय पोट रिकामं असलं की दीड-दोन तासांनी आतडं झाडून काढणारी एक लाट येते. मी सारखी खात असल्याने तिला वावच मिळत नाही.

सासूबाईंचा एकच उपाय, ओवा. ढेकर येते, पोट तसंच.

आता चार तासांच्या अंतराने तीनदाच जेवायचं ठरवलंय. कुणी केलंय का असं? किती दिवसांनी फरक पडला? आणि कळण्यात उडीद कमी करून ज्वारी वाढवली तर भाकरी थापताना तुटते का? भाकरी पूर्ण सोडणं मला जमायचं नाही.