मदत हवी आहे: गोव्यात ज्येष्ठ नातेवाईकांची पहिली एकत्र ट्रिप, पॅकेज घेऊ की स्वतः प्लॅन करू?

पर्वरीकर_नवा
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे मी हल्लीच पर्वरीला राहायला आलोय आणि आता मिरजेहून आई-बाबा, दोन्ही काका-काकू, आत्या आणि मावशी असे आठ जण डिसेंबरात यायचं म्हणतायत, सगळे पासष्टच्या पुढचे. माझ्या वन बीएचकेमध्ये एवढे जण मावणार नाहीत. आत्याचे गुडघे दुखतात, जिने नकोत. मोठ्या काकांना जेवणाआधी इन्सुलिन असतं. सगळ्यांना मंगेशी, शांतादुर्गा करायचंच आहे, बाकी एखादा समुद्र आणि जुनं गोवं. एका टूरवाल्याने तीन रात्री चार दिवसांचं पॅकेज दिलंय, नॉर्थ गोवा एक दिवस, साऊथ गोवा एक दिवस, हॉटेल कळंगुटला. बाबा म्हणतात पॅकेजच घे, म्हणजे तुला धावपळ नाही. मला मात्र कळत नाहीये की ही मंडळी त्यात टिकतील का. कुणी असं केलंय का?

समुद्रपक्षी
बागाच्या मागच्या गल्लीत गेस्ट हाऊस घ्या, स्वस्त पडतात, आणि स्कूटी भाड्याने घ्या म्हणजे टॅक्सीचा प्रश्नच नाही. डिसेंबरात मात्र आधी बुक करा, रेट दुप्पट होतात.

पर्वरीकर_नवा
समुद्रपक्षी, धन्यवाद, पण सत्तरीतली माणसं आहेत हो, स्कूटीवर नाही बसवता येणार.

सुमन_डिचोली
माझ्या सासूबाईंना आम्ही काशीला पॅकेजनेच पाठवलं होतं आणि त्या फार खूष होऊन आल्या. सोबत मॅनेजर होता, सामान उचलायला माणूस होता, जेवण मराठी. त्यामुळे मी तरी पॅकेज म्हणेन, मोठ्या टूरवाल्यांकडे ज्येष्ठांसाठी सगळी सोय असते. आणि रेल्वेत सीनियरची सवलत मिळते तीही घ्या, तिकीट बरंच कमी होतं.

कवळेकर_फोंडा
सुमनताई, रेल्वेची ती सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, अजून सुरू झालेली नाही. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे, त्याचं शेवटी सांगतो. काशीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, लांबचा प्रवास, अनोळखी गाव, तिथे मॅनेजर लागतोच. पण इथे त्यांचा भाचा-पुतण्या पर्वरीला बसलाय आणि बघायची देवळं सगळी एका तालुक्यात आहेत, म्हणून हिशोब वेगळा होतो.

पर्वरीकर, पॅकेजचा कागद हातात घेऊन किंमत नको बघू, रोज गाडीतून किती वेळा उतरायचं आणि चढायचं ते मोज. साऊथ गोव्याच्या एका दिवसात साधारण जुनं गोवं, मंगेशी, आणखी एखादं देऊळ, एखादा बीच, दोनापावला, मिरामार असं असतं, म्हणजे सहा-सात थांबे. आठ म्हाताऱ्या माणसांना बसमधून उतरून पुन्हा बसायला प्रत्येक थांब्याला सहज पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात बसमधले बाकीचे चिडतात आणि मग आपली माणसं "तुम्ही जाऊन या, आम्ही गाडीतच बसतो" म्हणायला लागतात. असं दुसऱ्याच थांब्यापासून होतं, मी इथे देवळाबाहेर रोज बघतो. बसमध्ये बसून राहिलेली म्हातारी माणसं दिसली की समजावं, दिवस जास्त भरलाय. आणि मंगेशीला पार्किंगपासून दुकानांच्या रांगेतून आत चालत जावं लागतं, वेळ कमी दिला की आत्याची ओढाताण होणार.

दुसरं, कळंगुटला हॉटेल आणि देवळं फोंड्याला, म्हणजे डिसेंबरच्या ट्रॅफिकमध्ये मांडवी ओलांडून रोज ये-जा. त्यापेक्षा मुक्कामच फोंड्याला टाक. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा ही जवळजवळ आहेत, फोंडा-पणजी रस्त्याला लागून. कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याचे नागेशी, महालक्ष्मी आणि रामनाथी हे सगळं गावाच्या अगदी जवळ. सकाळी दोन देवळं, दुपारी खोलीवर जेवून झोप, संध्याकाळी एखादं. काकांचं जेवण वेळेवर होईल, तो मोठा मुद्दा आहे, पॅकेजच्या बसला दुपारचं जेवण अडीचला होऊ शकतं.

मिरजवाला
काय वाट्टेल ते म्हणा, पण घरचे आठ जण घेऊन स्वतः प्लॅन केलं की एकच माणूस मरतो. मी गेल्या वर्षी माझ्या मंडळींना घेऊन गेलो होतो, सकाळचा चहा, कुणाची गोळी, कुणाची चप्पल, आणि शेवटी "हॉटेल चांगलं नव्हतं" हे माझ्याच नावावर. पॅकेजमध्ये निदान बोट दुसरीकडे जातं.

कवळेकर_फोंडा
हे मात्र शंभर टक्के खरं आहे. म्हणून सगळं स्वतः नको. गाडी आणि ड्रायव्हर इथलाच पूर्ण दिवसासाठी ठरव, तोच माणूस सगळे दिवस असू दे, त्याला देवळं माहीत असतात, आत जाईपर्यंत थांबतो, सावलीत गाडी लावतो. खोल्यांचं आणि जेवणाचं तू एकदा जाऊन बघून ये, तू इथेच आहेस. बाकी गाडीच्या पाटीचा रंग बघ, पिवळी असली पाहिजे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाड्याने नेण्याचा परवाना नसतो, वाटेत पोलिसांनी अडवलं तर आत म्हातारी माणसं ताटकळत बसतात.

समुद्रपक्षी
मग टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची का? आठ जण प्लस हे, बारा सीटर बरोबर बसते.

कवळेकर_फोंडा
बसते, पण पायरी उंच असते, गुडघ्याला तेच नको असतं. घेतलीत तर एक मजबूत लाकडी स्टूल सोबत ठेवा आणि ड्रायव्हरला सांगा, प्रत्येक वेळी दाराशी टाकायचं. नाहीतर दोन इनोव्हा. त्यात खर्च वाढतो आणि अर्धी मंडळी वेगळी पडतात, गप्पा होत नाहीत. मी स्वतः दोन गाड्या करेन, घरातले बहुतेक लोक ट्रॅव्हलर म्हणतील.

सुमन_डिचोली
अग्रशाळेत राहिलेलं चालेल का? आम्ही कवळ्याला राहिलो होतो, खोल्या साध्या पण देवळाच्या आवारातच, काकूंना पहाटेची आरतीसुद्धा मिळेल.

कवळेकर_फोंडा
चालेल, फक्त आधी देवस्थानच्या ऑफिसात फोन करून तळमजला आहे का आणि टॉयलेट कमोडचं आहे का हे दोन प्रश्न विचारायचे. खोली बरी आणि टॉयलेट भारतीय असेल तर आत्यासाठी ती रद्दच. आणि हे पॅकेजवाल्यालाही विचारा, शिवाय तिसऱ्या माणसाची गादी जमिनीवर टाकणार की कॉट देणार हेही विचारा. पॅकेज माणशी असतं, ट्विन शेअरिंगवर. आत्या आणि मावशी एका खोलीत जमतात, पण तिघांना एकत्र घातलं तर कुणीतरी जमिनीवर.

सोमवार टाळायचा की धरायचा ते ठरव. सोमवारी संध्याकाळी मंगेशीला पालखी असते, बघायला फार सुंदर, पण गर्दी. आत्याला बसायला जागा हवी असेल तर सोमवारी सकाळी लवकर दर्शन घ्या आणि पालखी ज्यांना जमेल त्यांनी.

आता रेल्वेचं. लोअर बर्थचा कोटा साठच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायका यांना मिळतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघेच असावे लागतात. आठ जणांचं एकच तिकीट काढलं तर कोट्यातून काही मिळणार नाही आणि काकू वरच्या बर्थवर. म्हणून दोघा-दोघांची चार तिकिटं काढा, बुकिंग 60 दिवस आधी उघडतं त्याच दिवशी सकाळी. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस येते, मडगावला उतरा, तिथून फोंडा जवळ. परतीची गाडी दुपारी निघते, घाटात उजेड असला तर गाडीच्या खिडकीतूनच दूधसागर दिसतो, आत्याला जीपमधून नेऊन खडकांवरून चालवायची गरज नाही. वेळ मात्र तिकीट काढताना एकदा तपासा.

पर्वरीकर_नवा
कवळेकर, खूप आभार, थांबे मोजायची गोष्ट सुचलीच नव्हती. पॅकेजचा कागद मोजला, साऊथच्या दिवसाला सात थांबे, नॉर्थला सहा आणि त्यात आग्वादाचा किल्ला. बाबांना आजच फोन करतो. पण ते विचारणार, फोंड्याला काही झालं तर दवाखाना काय?

कवळेकर_फोंडा
फोंड्याला सरकारी हॉस्पिटल आहे, मोठं काही असलं तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, आणि अॅम्ब्युलन्सला 108. काकांच्या इन्सुलिनसाठी खोलीत फ्रीज आहे का विचारून ठेव, नसला तर थंड पिशवी घेऊन यायला सांग.

मिरजवाला
समुद्र कुठला मग? कळंगुट नको तर?

सुमन_डिचोली
मिरामार, गाडी अगदी जवळ लागते.

कवळेकर_फोंडा
मिरामारला पाण्यापर्यंत वाळू बरीच चालावी लागते, आत्याला जड जाईल. तिला वरच बाकावर बसवून बाकीच्यांनी जा, नाहीतर दक्षिणेत कोलवा बघा, पण तिथेही वाळू आहेच. वाळूचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, कुणाला सपाट वाटेचा बीच माहीत असेल तर इथे टाका.