चवथीची ऑनलाइन आरती: घड्याळ कुणाचं आणि माइक कुणाचा?

वाळपईकर: यंदाही चवथीला घरातल्या सगळ्यांना झूमवर जमवणार. दोन वर्षांच्या अनुभवावरून नियम ठरवलेत. वेळ गोव्याची, संध्याकाळी साडेसात. परदेशातल्यांनी जमवून घ्यावं. दहा मिनिटं आधी या, कॅमेरा चालू, माइक बंद, आरतीतसुद्धा बंद. कुणाला जमत नसेल त्यांनी प्रसादाचा फोटो बघावा. काही चुकतंय का?

मेलबर्नची भाची: चुकतंय, दादा. "जमवून घ्यावं" हे वाक्य वाचून चहा गार झाला माझा. 2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती. तुमचे साडेसात म्हणजे माझ्याकडे रात्रीचे बरोबर बारा. बाळाला मांडीवर घेऊन बसले, कारण आजी म्हणाली, "नातवाला बघूंक जाय." मग दिवाळीला, 31 ऑक्टोबरला, तुम्ही फोव खायला पुन्हा साडेसातलाच बोलावलंत आणि माझ्याकडे वाजला एक. तुमचं घड्याळ हललं नाही, आमचं एक तास पुढे गेलं होतं. त्यावर काकू म्हणाल्या, "बारा काय, एक काय, जागीच ना?"

स्विंडनचा पणजीकर: दिवाळीचं मलाही विचारा. लंडनची उन्हाळी वेळ 27 ऑक्टोबरला संपली. चवथीला तीन वाजता आलो होतो म्हणून 31 ला पण तीनलाच आलो. तुम्ही दोन वाजता सुरू करून फोव खाऊन मोकळे! टोरोंटोच्या भावाचं मात्र दोन्ही वेळेला सकाळी दहाच, कारण त्यांचं घड्याळ 3 नोव्हेंबरला बदललं. मधला आठवडा म्हणजे घोळ. पण दर महिन्याची बैठक लंडनच्या वेळेने ठेवावी, आम्ही इथे चार घरं आहोत.

पेडण्याची सून: ते तर आणखी वाईट. लंडनचे दुपारचे तीन असं धरून कॅलेंडरमध्ये लावलं तर उन्हाळ्यात आमच्याकडे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. मुंबईच्या नोकरीत मी अमेरिका, युरोप आणि सिंगापूरच्या बैठका जुळवत होते. शिकले ते एवढंच की ज्याचं घड्याळ वर्षभर हलत नाही त्याच्या वेळेवर खुंटी ठोकायची. भारत आणि आखातात घड्याळ बदलत नाही. म्हणून वाळपईकरांची "वेळ गोव्याची" बरोबर आहे, कारण मात्र त्यांना माहीत नसावं.

कॅलेंडरमध्ये वेळेचा पट्टा Asia/Kolkata निवडा आणि निमंत्रण तिथूनच पाठवा. मग ज्याच्या त्याच्या फोनवर त्याची वेळ आपोआप दिसते. व्हॉट्सॲपवर नुसतं "7:30 IST" लिहू नका. आमचा डब्लिनचा भाचा त्याच चवथीला त्याच्या साडेसातला आला. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही IST म्हणतात. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे बारा होते. बिचारा रिकाम्या खिडकीसमोर कुर्ता घालून बसला होता.

वाळपईकर: कारण माहीत होतं. गोवा म्हणजे मूळ घर.

घुमटवाला: वेळ राहू द्या बाजूला. आरतीत माइक बंद? चवथीला? आमच्या वाड्यावर घुमट, समेळ आणि कांसाळें घेऊन दीड-दीड तास आरत्या चालतात. ती गजर करण्याची जागा, कोर्टातली साक्ष नव्हे! माझ्या थोरल्या भावजयीला गेल्या वर्षी सुरुवातीलाच कुणीतरी बंद करून टाकलं. ती बिचारी गात होती, ओठ हलताना दिसत होते. आपल्याला गप्प बसवलं म्हणून आजही रुसलेली आहे.

पेडण्याची सून: गप्प बसवलं नाही, वाचवलं म्हणा. सगळ्यांनी माइक चालू ठेवून "सुखकर्ता" म्हणून बघा. टोरोंटोचा आवाज इथे पोचेपर्यंत आपण पुढच्या शब्दावर असतो. आपला आवाज तिकडे पोचून परत यायला पाव सेकंदाच्या आसपास, कधी जास्तही लागतो. तेवढ्यात ताल गेला. वर झूम सगळ्यांचा आवाज सारखा वाजवत नाही. जो मोठ्याने बोलतो त्याला पुढे काढतो, बाकीच्यांना दाबतो.

फातोर्ड्याचा अभियंता: फायबर घ्या, प्रश्न सुटेल. मी 200 एमबीपीएस घेतल्यापासून एकदाही अडकलं नाही.

पेडण्याची सून: अडकणं थांबेल, उशीर संपणार नाही. कॅनडा फायबरमुळे जवळ येत नाही. आधी आवाज तिथवर जायचा, मग झूम तो थोडा साठवून सोडणार. वेग वाढवला म्हणून समुद्र आटत नाही.

घुमटवाला: म्हणजे आमचं घुमट नकोच?

पेडण्याची सून: उलट, तेच तर ऐकू येत नाही. झूमची आवाज-सफाई घुमटाला कुत्र्याच्या भुंकण्यासारखं समजून पुसते. गेल्या वर्षी बघितलं मी: हात चालताना दिसत होते, थाप मध्येच गायब. मूळ घरातल्या एकाच फोनवर ऑडिओ सेटिंगमध्ये Original Sound for Musicians चालू करा, तोच माइक उघडा ठेवा. बाकी सगळ्यांनी आपापल्या घरी बंद माइकमागे मनसोक्त गा. एकत्र नाही गायचं, एका आवाजामागे गायचं.

घुमटवाला: बरं. पण "माइक बंद" असं लिहिलं की माणूस दुखावतो. "मुख्य माइक घरचा" असं लिहा. आणि भावजयीला सुरुवातीचा एक श्लोक द्या, नाहीतर ती यायची नाही.

दुबईचा मावसभाऊ: आमच्याकडे व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल लागतच नाही. मग आम्ही आरतीला यायचंच नाही का?

मेलबर्नची भाची: झूम म्हटलंय, मावसभाऊ, झूम. वाचा तरी.

दुबईचा मावसभाऊ: तो मलाही लागतो. मग ठीक. पण कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

स्विंडनचा पणजीकर: आणि ती प्रतीक्षा-खोली! गेल्या वर्षी मी, टोरोंटोचा भाऊ, सासूबाई, सगळे बाहेर लटकत. दार उघडणारे आमचे पुरोहितकाका, म्हणजे वाळपईकर स्वतः, आरतीचं ताट घेऊन पाठमोरे. वीस मिनिटं. मोफत झूमची चाळीस मिनिटं असतात, त्यातली निम्मी दाराबाहेर गेली.

वाळपईकर: पूजा करू की दार उघडू?

पेडण्याची सून: म्हणूनच दुसऱ्या कुणाला सह-यजमान करा. पूजेला न बसणाऱ्या कॉलेजातल्या पोरांपैकी एकाला. त्याला येणाऱ्यांच्या नावांची यादी द्या, नाहीतर "आयफोन 13" असं नाव बघून तो कुणाला आत घेणार?

मेलबर्नची भाची: हे सगळं ठीक, पण मूळ वेळेचं काय? गोव्यात साडेचार ठेवलं तर सप्टेंबरात माझ्याकडे रात्रीचे नऊ, लंडनला दुपारचे बारा, टोरोंटोला सकाळचे सात. कुणाचाही मध्यरात्रीचा बळी नाही.

वाळपईकर: साडेचारला? आजोबा झोपलेले असतात. दिवेलागणीची आरती उन्हात करायची?

मेलबर्नची भाची: अच्छा! म्हणजे माझी झोप गेली तरी चालेल, आजोबांची वामकुक्षी मोडता कामा नये!

स्विंडनचा पणजीकर: एकाला सोय तर दुसऱ्याला गैरसोय. टोरोंटोवाल्याला सकाळी सातला नेसवून बसवणार? तो रात्रपाळी करतो.

पेडण्याची सून: मग दिवेलागणीची आरती तुम्ही घरात तुमच्या वेळेला करा, ती ज्याला शक्य त्याने बघावी. साडेचारला फक्त माटोळी दाखवा, आणि लहान मुलांकडून एक आरती म्हणून घ्या. पुढच्या वर्षी वेळ बदला, दरवर्षी एकाचीच झोप मोडायला नको.

वाळपईकर: घ्या, सगळ्यांनी मिळून माझी चवथ दोन भागांत वाटली. ठीक आहे, साडेचार. माटोळी, पोरांची आरती, मग संध्याकाळी आमची खरी. पण आजोबांना उठवायला मी जाणार नाही. भाचीनेच फोन करावा, तिचंच ऐकतात.