फारसी पुस्तिकेत ‘स्क्रू घट्ट करा’: हुकूम, विनंती की कर्मणी?

मेघना: पुस्तकांच्या कपाटाच्या जोडणीची पुस्तिका इंग्रजीतून फारसीत करतेय. वाचणारे इराणमधले ग्राहक. इंग्रजीत प्रत्येक पायरी सरळ आज्ञार्थी आहे, म्हणून मी ‘सेफ्त कोनीद’ (घट्ट करा) असं लिहीत गेले. तपासणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याआधी ‘लोत्फन’, म्हणजे ‘कृपया’ घातलं, ‘कोनीद’च्या जागी त्याच अर्थाचं ‘नमायीद’ केलं आणि काही ठिकाणी कर्मणी ‘बस्ते शवद’, म्हणजे ‘लावला जावा’ असं लिहून परत पाठवलं. म्हणे आदर कमी पडतो. कोणतं रूप धरू?

श्रीकांत: तपासणारे बरोबर आहेत. इराणमध्ये दोन माणसं दारापाशी एकमेकांना ‘बेफर्मायीद’, आधी तुम्ही, म्हणत ताटकळतात, तिथे अनोळखी ग्राहकाला नुसतं ‘करा’ म्हणणं उद्धटच वाटणार. ‘नमायीद’ जास्त अदबीचं आहे, तेच ठेवा.

वसुधा: श्रीकांतराव, दारातला तआरोफ, म्हणजे हा आग्रहाचा शिष्टाचार खरा, पण तो समोरासमोरचा. पेचकस हातात घेऊन जमिनीवर बसलेल्या माणसाला तो नको असतो. ‘कोनीद’मधल्या ‘ईद’मध्येच ‘तुम्ही’ आलेलं आहे. ‘सेफ्त कोन’ म्हणजे ‘घट्ट कर’, ते मात्र परक्या मोठ्या माणसाला चालणार नाही. ‘नमूदन’चा मूळ अर्थ दाखवणे. करणे या अर्थी तो कचेरीच्या पत्रांतून पसरला आणि चांगले इराणी संपादक तो खोडून ‘कर्दन’ लिहितात. त्याने अदब वाढत नाही, वाक्याला सरकारी नोटिशीचा वास येतो. ‘लोत्फन’ पहिल्या पानावर, ‘सुरू करण्याआधी पुस्तिका पूर्ण वाचा’ या वाक्याला एकदा शोभतं. प्रत्येक पायरीला लावलं की डोळा ते वगळायला शिकतो.

सुधीर: माझाही असाच घोळ झाला होता. मिक्सरची पुस्तिका मराठीत करताना मी सगळीकडे ‘झाकण घट्ट बसवावे’ लिहिलं. आईने वाचून विचारलं, ‘कुणी बसवावे?’ मग सगळं ‘बसवा’ केलं. मराठीत ‘करा’च बरं, असं माझं मत.

मेघना: सुधीरदादा, माझा प्रश्न फारसीचा आहे हो. पण आईंचा प्रश्न ‘बस्ते शवद’लाही लागू पडतोय.

वसुधा: अगदी तोच लागू पडतो. ‘पीच बस्ते शवद’ वाचून स्क्रू आपण लावायचा की बसवायला येणाऱ्या कारागिराने, ते कळत नाही. म्हणून काम खरोखर दुसऱ्याचं असेल तिथेच कर्मणी ठेव, उदाहरणार्थ विजेची जोडणी तंत्रज्ञाकडून केली जावी. मथळ्याला क्रियानाम पुरतं: ‘नस्ब-ए पायेहा’, पाय बसवणे. त्याखालच्या पायऱ्या ‘ईद’ने संपव.

मला खरी काळजी नकाराची वाटते. तुझ्या पुस्तिकेत ‘सहाव्या पायरीपर्यंत स्क्रू पूर्ण घट्ट करू नका’ असं काही असेलच. एक बाजू आधी आवळली तर दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत. तिथे काय केलंय त्यांनी?

मेघना: चौथ्या पायरीत आहे. मी ‘सेफ्त नकोनीद’ लिहिलं होतं, त्यांनी ‘अझ सेफ्त कर्दन खोददारी नमायीद’ केलंय, म्हणजे ‘घट्ट करण्यापासून स्वतःला आवरा’.

वसुधा: तेच धोक्याचं! फारसीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. भागांवर एक डोळा ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेत ‘सेफ्त’ आणि शेवटचं होकारार्थी क्रियापद एवढंच भरतं, आणि तो स्क्रू आवळून मोकळा होतो. सभ्यतेपायी मनाई ‘खोददारी’त लपली. तुझं ‘नकोनीद’ बरं, पण फारसी लिपीत ते ‘कोनीद’पेक्षा एकाच अक्षराने वेगळं दिसतं. म्हणून मी दोन वाक्यं केली असती: ‘पीचहा रा फकत चंद दोर बेपीचानीद. हनूज सेफ्त नकोनीद.’ स्क्रू फक्त काही फेरे फिरवा, अजून घट्ट करू नका. आधी काय करायचं ते येतं, आणि ‘हनूज’ वाचताच पुढे नकार आहे हे कळतं. जिथे कधीच करायचं नाही, तिथे सुरुवातीला ‘हरगेझ’ टाक.

श्रीकांत: ‘नमायीद’चं पटलं, ते मागे घेतो. पण ‘कपाट भिंतीला पक्कं करा, नाहीतर मुलाच्या अंगावर पडेल’ या इशाऱ्याला तरी ‘लोत्फन’ हवं. तिथे आपण माणसाला कळकळीने सांगतोय.

वसुधा: उलट तिथेच नको. ‘लोत्फन’ने ती विनंती होते, आणि विनंती नाकारता येते.

श्रीकांत: इराणमध्ये वाहन चालवताना पट्टा लावा म्हणतानासुद्धा ‘लोत्फन’ म्हणतात, ताई. ऐकणारा त्याला ऐच्छिक समजत नाही. हे मला नाही पटत.

मेघना: चौथी पायरी वसुधाताईंच्या दोन वाक्यांनी बदलली, ‘नमायीद’ सगळे काढले. भिंतीच्या इशाऱ्याची दोन्ही रूपं कपाट जोडणाऱ्या दोन इराणी शेजाऱ्यांना वाचायला देणार आहे, वाचून आधी हात कुठे जातो ते बघते.